बदलीची बातमी

"मग खानापूरच्या बदलीचं काय ठरलं?"

काल संध्याकाळी, टिळकवाडीत, आमच्याच हॉलमध्ये बसून ऑफिसातल्या मित्रानं अगदी सहज विचारलं. नवरा बशीत कुंदा वाढत होता. त्याचा चमचा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

नवऱ्याला माझ्या बदलीचं माहीतच नव्हतं. मित्राला पंधरा दिवसांपासून माहीत होतं.

मित्र गेल्यावर भांडण झालं नाही. बशा विसळताना तो एवढंच म्हणाला, "सांगायचं राहिलं, की सांगावंसं वाटलं नाही?"

आमच्यात 'तसलं' काही नाही, हे माझं ठरलेलं उत्तर. खरंही आहे. पण रात्रभर आठवत राहिले. सासूबाईंच्या आजारपणात बोलायला कुणीतरी हवं होतं, तिथून सुरुवात. तोवर मैत्रीच होती, नवऱ्याला सगळं ठाऊक असायचं. मग नवऱ्याबद्दलच्या तक्रारी मी नवऱ्याला सोडून मित्राला सांगायला लागले. मग गेटची कडी वाजली की चॅट डिलीट. त्यात होतं तरी काय? जेवलीस का, डोकं दुखायचं थांबलं का. बस्स.

शर्ली ग्लास ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सांगायची, नवरा-बायकोत खिडकी असावी आणि बाहेरच्यांसाठी भिंत. माझ्याकडे हे उलटं कधी झालं? बहुतेक पहिला मेसेज पुसला त्या दिवशी.

आज सकाळी सगळं सांगायला बसले. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खानापूरची सकाळची बस किती वाजता असते गं?"

याला मी काय समजू?