मायनीवरून काजूच्या कारखान्यात

“सत्तरीतल्या बायकांना चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे काम आठवते तरी किती? आणि त्या जे सांगतात ते खरे मानायचे कसे?”

मी वर्ष विचारत नाही. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील ज्या स्त्रियांनी तरुणपणी मायनीवर, म्हणजे खाणीवर, डोक्यावरून खनिजाच्या पाट्या वाहिल्या आणि पुढे काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या, त्यांच्या आयुष्यात सन ही मोजणी फारशी कधी नव्हतीच. म्हणून मुलाखतीच्या वेळी शेजारी एक मोठा कागद ठेवून त्यावर रकाने आखते: घर, मुले, मजुरीचे काम, बिनमजुरीचे काम, घरात कमावणारे कोण. मग गोवा मुक्त झाला तेव्हा, म्हणजे १९६१ मध्ये, तुम्ही केवढ्या होतात, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर वारले तेव्हा (१९७३) कुठे कामाला जात होतात, गोवा घटक राज्य झाले तेव्हा (१९८७) धाकटे मूल केवढे होते, अशा खुणांच्या आधाराने रकाने भरत जातात.

एका बाईंचे उदाहरण सांगते. पहिल्या भेटीत त्या ठामपणे म्हणाल्या, “मायन बंद पडली म्हणून मी कारखान्यात गेले.” गोव्यात ही गोष्ट कुणालाही पटते, कारण २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि मधली काही वर्षे सुरू राहून २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कागद मात्र वेगळे सांगत होता. बांदोडकर गेले त्या दिवशी त्या मायनीवर होत्या; तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर तिकडे पुन्हा गेल्या नाहीत, आणि त्या मुलाच्या जन्मदाखल्यावर १९७९ हे वर्ष होते. कारखान्यातले ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड १९८४ चे निघाले. कार्डाची तारीख ही कामाला लागल्याची तारीख नव्हे. मालक नोंदणीला उशीर करतात, त्यामुळे तिच्यावरून एवढेच ठरते की त्या वर्षी तरी त्या तिथे होत्या. म्हणजे मायन सुटली ती २०१२ च्या निदान तीस वर्षे आधी.

इथे ‘स्मरण चुकले’ अशी नोंद करून पुढे जाणे सोपे आहे, पण त्याने हाती काही लागत नाही. दुसऱ्या भेटीत मी तारखांचा विषय काढला नाही. मायनीवरचा एक साधा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत सांगा, एवढेच म्हटले. त्या ओघात यांत्रिक लोडर आल्याचे, मुकादमाने आधी बायकांच्या टोळ्या कमी केल्याचे आणि बाळंतपणानंतर आपल्याला कुणी बोलावलेच नसल्याचे आपोआप आले. ‘काम का सोडले?’ हा प्रश्न मी मुद्दाम टाळते, कारण सोडण्याचा निर्णय त्या बाईचा होता असे तो आधीच गृहीत धरतो, आणि मग उत्तरही निर्णयाच्या भाषेत येते. ‘त्यानंतर काय झाले?’ असे विचारले की कामावरून वगळले जाणेही सांगता येते.

मग खाणबंदीचे कारण कुठून आले? पाचव्या रकान्यात, म्हणजे घरात कमावणारे कोण या रकान्यात, २०१२ साली त्यांच्या मुलाचा खनिज वाहणारा ट्रक होता, आणि त्याचे हप्ते थकले होते. मायन बंद पडल्याचा घाव त्यांना बसला होता तो आई म्हणून. पुढे गावात सगळेच आपली हकीकत त्या बंदीपासून सुरू करू लागले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या जुन्या कामाचा शेवटही तिलाच जाऊन चिकटला. अशी सरमिसळ मला एकट्या त्यांच्याकडे दिसलेली नाही. त्यामुळे माझ्या नोंदीत दोन्ही राहतात: काम केव्हा सुटले, आणि ते कशामुळे सुटले असे आज सांगितले जाते. दुसरी नोंद पहिलीचा पुरावा म्हणून वापरायची नाही, एवढे पथ्य पाळावे लागते.

ऐकायला कोण बसले आहे, यानेही हकीकत बदलते. सून जवळ असली की कारखान्यातल्या चिकाने काळवंडलेल्या बोटांचा उल्लेख थट्टेत जातो आणि मजुरी कुणाच्या हातात पडत होती हे येतच नाही. तेच मागच्या दारी, वाल निवडताना, कोकणीत सविस्तर येते. समोर रेकॉर्डर असला की काही जणी शाळेतल्यासारखे मराठी बोलू लागतात आणि मायनीचे कौतुक करतात (आमच्या या भागात पाहुण्याशी मराठी हा मानाचा भाग आहे), म्हणून पहिल्या भेटीत मी तो बाहेर काढतच नाही.

एक दोष मात्र या पद्धतीने निघत नाही. मला भेटतात त्या आज हयात असलेल्या आणि गावातच राहिलेल्या बायका. ज्या खंगून लवकर गेल्या किंवा ज्यांची कुटुंबे काम संपताच दुसरीकडे गेली, त्यांचा कागद कोराच राहतो. म्हणून मायनीवरच्या किती बायका काजूकडे वळल्या, हे या मुलाखतींवरून मी सांगत नाही. ज्या वळल्या त्यांचे वळणे कोणत्या क्रमाने झाले, एवढेच सांगते. आकड्यासाठी त्या काळची मस्टरे हवीत, आणि मुकादमाच्या टोळीतल्या बायकांची नावे मस्टरावर चढतच होती असेही नाही.