उत्तर शून्य अँपिअर

बारावीतल्या भाचीने रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं : “मामा, बारा व्होल्टच्या बॅटरीतून करंटच येत नाहीये. पण उत्तरं समीकरणात टाकली तर बरोबर बसतात.”

सर्किट साधंच होतं, तीन उभ्या फांद्यांचं. डावीकडे 12 व्होल्टची बॅटरी आणि 2 ओहमचा रेझिस्टर, मध्ये नुसता 3 ओहमचा, उजवीकडे 2 ओहम आणि 4 व्होल्टची बॅटरी. वरचं जंक्शन B. डाव्या फांदीतला करंट I1, उजवीतला I2 आणि मधला I3 धरून, दोन्ही लूप घड्याळाच्या दिशेने फिरून तिने लिहिलं होतं :

```
I3 = I1 + I2
12 - 2*I1 - 3*I3 = 0
3*I3 - 2*I2 - 4 = 0
```

उत्तर आलं I1 = 0, I2 = 4, I3 = 4. टाकून पाहिलं, तिन्ही समीकरणं खरंच जुळत होती. जुळणारच. समीकरण चुकीचं असलं तरी ते नीट सोडवलं की उत्तर त्याच्यात बसतंच. ताळा गणिताचा झाला होता, सर्किटचा नाही.

फोटोकडे बघत बघत चिन्हं तपासायची नाहीत, हे मी बऱ्याच चुका करून शिकलोय. डोळा लिहिलेल्या समीकरणाकडे जातो आणि तेच बरोबर वाटायला लागतं. म्हणून समीकरणं झाकली आणि आकृती कोऱ्या कागदावर पुन्हा काढली. आधी फक्त बाण काढले. मग प्रत्येक रेझिस्टरच्या ज्या टोकातून बाण आत शिरतो तिथे +, बाहेर पडतो तिथे −. बॅटरीची लांब रेघ +. ही चिन्हं एकदा पडली की लूप फिरताना डोकं चालवावं लागत नाही : आधी + लागला तर विभव उतरतो, म्हणून वजा, आधी − लागला तर अधिक.

पहिला लूप तिच्यासारखाच आला. दुसऱ्यात मला +4 मिळालं, तिचं −4 होतं. सापडली चूक, म्हणून लगेच कळवून टाकलं. मग जंक्शनवर आलो आणि खरी गडबड दिसली. आकृतीत I2 चा बाण B पासून उजवीकडे, म्हणजे बाहेर जात होता. तिच्या लूपमध्येही तो बाहेरच जाणारा धरला होता, म्हणूनच `-2*I2`. पण जंक्शनच्या समीकरणात तोच I2 आत येत होता! एकच करंट एका ओळीत जातोय आणि दुसऱ्या ओळीत येतोय. बाण कुठल्याही दिशेला धरला तरी चालतो, फार तर उत्तर ऋण येतं. फक्त तो मध्येच फिरवायचा नाही. हवं होतं I1 = I2 + I3.

तिला पटावं म्हणून पॉवरचा हिशेब करायला लावला. तिच्या उत्तराप्रमाणे 12 व्होल्टची बॅटरी देते शून्य वॅट. 4 व्होल्टच्या बॅटरीत करंट + टोकातून आत शिरतोय, म्हणजे तीच 16 वॅट घेतेय. रेझिस्टर मिळून खातात 48 + 32 = 80. एकूण खर्च 96 वॅट, देणारं कोणीच नाही! यावर तिचा हसणारा चेहरा आला.

माझ्या दुरुस्तीनंतर आकडे आले I1 = 4.5, I2 = 3.5, I3 = 1. दोन्ही बॅटऱ्या मिळून देतात 54 + 14 = 68 वॅट, रेझिस्टर खातात 40.5 + 24.5 + 3 = 68. मी खूश.

पाच मिनिटांत पुस्तकातल्या आकृतीचा फोटो आला. “मामा, लांब रेघ वरच आहे. माझं −4 बरोबर होतं.”

पहिला फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. 4 व्होल्टच्या बॅटरीवर मोबाइलची सावली पडली होती. वरच्या रेघेचा अर्धा भाग त्यात गेला होता आणि मला खालची रेघ लांब दिसली होती. पॉवरचा ताळा जुळला, कारण मी सोडवलं ते सर्किट आतून सुसंगतच होतं. फक्त ते तिचं नव्हतं. फोटो चुकीचा वाचला तर हा ताळा पकडत नाही.

−4 परत घातलं आणि जंक्शन तेवढं बदललं. I1 = 3, I2 = 1, I3 = 2. मोठी बॅटरी 36 वॅट देते. रेझिस्टरमध्ये 18 + 12 + 2 जातात, उरलेले 4 छोट्या बॅटरीत, म्हणजे ती चार्ज होतेय. तेही पटण्यासारखं आहे : मधल्या रेझिस्टरवर 6 व्होल्ट आहेत, आणि ते 4 पेक्षा जास्त.

आता तिचा फोटो आला की सोडवायला घेण्याआधी मी विचारतो, “प्रत्येक बॅटरीची लांब रेघ कुठल्या बाजूला आहे ते लिहून पाठव.” ती कंटाळते, पण पाठवते.