जोडावर लेस लागत नाही

माझी लेक सातवीत आहे. सरावपत्रिका वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो काढून पाठवतात. गेल्या आठवड्यात क्षेत्रफळ आणि परिमितीची पत्रिका आली, ती नेमकी तिरकी धरून काढलेली. उजव्या बाजूला हाताची सावली पडलेली आणि शेवटच्या आकृतीतला एक आकडा 6 आहे की 8, हे मोठं करून पाहिलं तरी कळत नव्हतं. ग्रुपवर स्पष्ट फोटो मागितला तर "उद्या पाठवते" एवढंच उत्तर आलं. वही मात्र उद्या सकाळीच दाखवायची होती. आमची अख्खी संध्याकाळ त्या एका आकृतीत गेली. राग अजून आहेच, पण त्यातून जे समजलं ते इतर पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधीची गणितं भराभर झाली. शेवटची आकृती इंग्रजी एल अक्षरासारखी होती आणि डोक्यावर अर्धवर्तुळ. तळाची बाजू 22 सेमी, डावी 18, आतली उभी पायरी 10. वरची बाजू 14, तोच अर्धवर्तुळाचा व्यास. उजवीकडची खालची बाजू हीच ती 6 की 8 वाली. आतली आडवी पायरी दिलेलीच नव्हती. ती 22 मधून 14 वजा करून 8 येते, एवढं लेकीने स्वतःच काढलं.

आम्ही 6 धरून सुरुवात केली. मी आडवी रेघ मारून एलचे दोन आयत केले. खालचा 22 × 6 म्हणजे 132, वरचा 14 × 10 म्हणजे 140, मिळून 272. लेकीने उभी रेघ मारली होती. तिचा डावा आयत 14 × 18 म्हणजे 252, उजवा 8 × 6 म्हणजे 48, एकूण 300. दोघींनी आपापले गुणाकार पुन्हा तपासले. दोन्ही बरोबर! आकृती तीच आणि क्षेत्रफळं मात्र दोन.

बराच वेळ गेल्यावर माझं लक्ष उभ्या बाजूंकडे गेलं. डावी बाजू 18 आहे, म्हणजे उजवीकडच्या दोन उभ्या बाजूंची बेरीजही 18 च यायला हवी. 10 आणि 6 मिळून 16 होतात. 10 आणि 8 मिळून 18. आकडा 8 होता. मग माझ्या रेघेने 176 आणि 140 मिळून 316, तिच्या रेघेने 252 आणि 64 मिळून 316. आता मी तिला प्रत्येक आकृती दोन तऱ्हांनी कापायला लावते. उत्तरं जुळली नाहीत तर गुणाकार एकदा तपासावा, आणि तो बरोबर असेल तर फोटोतला आकडा चुकीचा वाचलाय असं धरावं. फोटोवर पट्टी ठेवून मापायला मात्र जाऊ नये. तिरक्या फोटोत 8 ची बाजू 10 च्या बाजूपेक्षा लांब दिसू शकते. आधी कोऱ्या कागदावर आकृती हाताने काढून घ्यावी आणि सगळे आकडे, न दिलेलेसुद्धा, तिच्यावर लिहावेत. हे आम्ही उशिरा केलं.

अर्धवर्तुळाची त्रिज्या 7, म्हणून क्षेत्रफळ 22/7 × 49 च्या निम्मं, 77. एकूण 393 चौ.सेमी. पत्रिकेच्या तळाशी छापलेलं उत्तर तेच होतं.

परिमितीचं छापील उत्तर होतं 88 सेमी. लेकीचं आलं 144.

तिने क्षेत्रफळासारखंच केलं होतं, प्रत्येक तुकड्याची परिमिती काढून बेरीज. खालचा आयत 60, वरचा 48, अर्धवर्तुळ 36. अर्धवर्तुळाचा कंस 22 आणि व्यास 14, सूत्र तिने बरोबर वापरलं होतं. मी सांगितलं, "आतल्या रेघा मोजायच्या नाहीत." तिने दोन्ही आतल्या रेघा, 14 आणि 14, वजा केल्या. उत्तर आलं 116. मग मी स्वतः बाहेरून बेरीज करायला बसले तर माझं 102 आलं. एकदा, दोनदा, तीनदा 102. लेक रडकुंडीला आली. "आई, पुस्तकातलं उत्तरच चुकलं असेल," असं म्हणायला लागली आणि मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मी घरी शिवणकाम करते. त्या दिवशी मशीनवर एक टेबलक्लॉथ होता, दोन तुकडे जोडून केलेला, भोवती लेस लावायची होती. तो मी तिच्यापुढे पसरला. म्हटलं, "कापड किती लागलं सांग." ती म्हणाली, "दोन्ही तुकड्यांचं मिळून." "आणि लेस?" तिने कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली आणि जोडाच्या शिवणीपाशी आल्यावर थांबली. "इथे नाही लागणार." मी शिवण उलटून दाखवली. आत दोन कडा होत्या, एक या तुकड्याची, एक त्या तुकड्याची. तुकडे सुटे असते तर दोन्ही कडांना लेस लागली असती. जोडल्यावर दोन्ही आत गेल्या.

तिला लगेच कळलं. आकृतीत एक जोड दोन आयतांमधला, दुसरा अर्धवर्तुळ आणि वरच्या आयतामधला, दोन्ही 14 सेमीचे. प्रत्येक जोडात दोन कडा जातात, म्हणून 14 चारदा वजा. 144 मधून 56 गेले, राहिले 88. तिने 14 दोनदाच वजा केले होते, म्हणून 116. आणि माझी चूक त्याच वेळी मला दिसली. छापील आकृतीत अर्धवर्तुळाच्या पायथ्याची रेघ ठळक काढलेली होती, म्हणून मी तीही बाहेरची बाजू धरून मोजत होते. 88 अधिक 14, 102. खरी बाहेरची कड एवढीच: 18, 22, 8, 8, 10 आणि कंसाचे 22.

म्हणून परिमितीसाठी आता तुकडे करतच नाही. कापायचं ते क्षेत्रफळासाठी. परिमितीला एका कोपऱ्यावर टिंब द्यायचं, तिथून निघून कडेकडेने त्याच टिंबावर परत यायचं आणि मोजलेल्या प्रत्येक बाजूवर बारीक खूण करायची. आकृतीत रेघ काढलेली आहे म्हणून ती बाजू होत नाही. तिच्या दोन्ही अंगांना आकृतीच असेल तर ती जोड आहे.

झोपायच्या आधी लेकीने स्वतःच एक गंमत शोधली, याचा मला फार आनंद झाला. पायरीच्या दोन्ही बाजू बाहेर सरकवल्या की एलचा पूर्ण आयत होतो आणि परिमिती तीच राहते, 22 आणि 18 ची दुप्पट, 80. त्यातून वरचे 14 काढून कंसाचे 22 घातले की पुन्हा 88. क्षेत्रफळ मात्र तसं चालत नाही, आयताच्या 396 मधून कोपऱ्याचे 80 वजा करावे लागतात.

ही युक्ती कोपरा कापलेला असेल तेवढ्यापुरतीच आहे. दुसऱ्या दिवशी स्पष्ट फोटो आला, आकडा 8 च होता, आणि सोबत नवी पत्रिका. तिच्यात 20 बाय 12 चा आयत होता, वरच्या बाजूच्या मधोमध 6 रुंद आणि 4 खोल खाच. लेकीने युक्ती लावून झटकन 64 लिहिलं. मी काही बोलले नाही, टिंब देऊन कडेने फिरायला सांगितलं. खाचेचा तळ वर सरकवला की वरची बाजू 20 भरते, पण खाचेत उतरायचे 4 आणि वर यायचे 4 उरतातच. तिने 64 खोडून 72 केलं.