क्लास किती वाजता सुटतोय?

"ही जाहिरातीची रील लागली तर मी पुढं सरकवणार बघ," वहिनी म्हणाली. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीतल्या क्लासची दहावीची नवी बॅच, रीलची स्क्रिप्ट मी लिहिलेली, पहिलीच ओळ "मुलगा नापास झाला तर?"

"ती भीती डोक्यात असतेच की, परत तुम्ही कशाला सांगताय? क्लास किती वाजता सुटतोय ते सांगा."

तिथंच अडलो. मोबाईलवर वेळ लावून वाचलं तर ९० शब्दांना ४५ सेकंद जात होते, म्हणजे तीस सेकंदांच्या रीलमध्ये साठच बसतात, मग "उज्ज्वल भविष्य" वगैरे सगळं काढून टाकलं. सरांना "शंभर टक्के निकाल" पाहिजे होतं, पण २०२४ पासून केंद्राच्या गाईडलाईन्समध्ये कोचिंगच्या जाहिरातीत निकालाची हमी द्यायला मनाई आहे, आणि तसंही ते आपल्या हातात नाही.

आता सुरुवात अशी: "मराठी मीडियमच्या पोराला कन्नडचा पेपर जड जातोय? एका बॅचला पंधराच मुलं. साडेसहाला सुरू, आठला सुट्टी. शनिवारची टेस्ट तपासून पेपर घरी. दोन दिवस बसून बघा, मग फी भरा."

हेच स्क्रीनवर मोठ्या अक्षरात पण टाकलं, कारण वहिनी रात्री पोरं झोपल्यावर आवाज बंद करून बघते.

तुम्ही क्लासवाल्यांना पहिल्यांदा काय विचारता?