एका बाटलीने खाल्लेला महिना: माझा क्रॉस्ड अल्डॉलचा अनुभव

बेळगावात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्या प्रोजेक्टमध्ये एकच अल्डॉल, म्हणजे दोन कार्बोनिल संयुगांची जोडणी, करायचा होता: २-पेंटॅनोन आणि ब्युटॅनल यांतून ६-हायड्रॉक्सीनोनॅन-४-ओन. म्हणजे कीटोनचा फक्त टोकाचा मिथाइल ब्युटॅनलवर चढला पाहिजे. कागदावर एक ओळ. मला सात आठवडे लागले आणि त्यातले चार एका बाटलीपायी आणि एनएमआरच्या रांगेत गेले.

बी.एस्सी.ला आपण सगळ्यांनी बेन्झाल्डिहाइड आणि ॲसिटोनचं डायबेन्झालॲसिटोन केलेलं असतं. सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की पिवळे स्फटिक पडतात, गाळायचे, झालं. बेन्झाल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन नाही, त्यामुळे त्याचा इनोलेट, म्हणजे प्रोटॉन गमावून हल्ला करणारं रूप, होऊच शकत नाही. तो फक्त हल्ला झेलतो. माझ्या जोडीत मात्र दोघांनाही अल्फा हायड्रोजन. पहिल्यांदा मीही हायड्रॉक्साइडच वापरलं आणि टीएलसीवर पाच ठिपके आले, त्यातले दोन एकमेकांत मिसळलेले.

असं होणारच होतं. पाण्याचा पीकेए १५.७, ब्युटॅनलचा सुमारे १७ आणि कीटोनचा १९-२० च्या आसपास. हायड्रॉक्साइड दोघांचेही इनोलेट थोडेथोडेच बनवतं आणि दोघेही मूळ रूपात भरपूर उरतात. ब्युटॅनलचा इनोलेट लवकर होतो आणि हल्ला झेलण्यातही ब्युटॅनलच पुढे, म्हणून तो आधी स्वतःशीच जुळतो. कीटोनचा इनोलेट ब्युटॅनलवर गेला तरी त्याला दोन बाजू आहेत: मिथाइलकडून गेला तर मला हवा तो पदार्थ, आतल्या सीएच-टूकडून गेला तर ३-एथिल-४-हायड्रॉक्सीहेप्टॅन-२-ओन. वर यातल्या कशाचंही पाणी निघून असंतृप्त संयुगं होतात. आणि प्रत्येक पायरी उलटी फिरू शकते.

मॅडम म्हणाल्या, "दोघांना एकदम भेटवूच नकोस. आधी कीटोनचा पूर्ण इनोलेट कर, मग ब्युटॅनल घाल." म्हणजे एलडीए, डायआयसोप्रोपाइल अमीनमध्ये एन-ब्युटाइल लिथियम घालून होणारा तगडा बेस. डायआयसोप्रोपाइल अमीनचा पीकेए ३६ च्या घरात, त्यामुळे कीटोनचा प्रोटॉन पूर्ण निघतो. शिवाय एलडीए जाडजूड आहे, म्हणून उणे ७८ अंशांना तो मोकळ्या मिथाइलचाच प्रोटॉन उचलतो.

थंडीची सोय लवकर झाली. कोरडा बर्फ इथे मिळेना. खानापूरकडच्या एका मैत्रिणीच्या काकांचं काम गुरांच्या कृत्रिम रेतनाचं, त्यांच्या ओळखीने द्रव नायट्रोजन मिळाला. एथिल ॲसिटेटमध्ये तो हळूहळू ओतत ढवळलं की उणे ८४ अंशांचा रबडीसारखा लगदा होतो. हे फ्यूम हूडमध्येच करायचं.

अडकले ते यानंतर. मी १० मिलिमोलवर काम करत होते. एन-ब्युटाइल लिथियमच्या बाटलीवर १.६ मोलर लिहिलेलं, म्हणून १०.५ मिलिमोलसाठी ६.६ मिली घेतलं. अमीन १.५ मिली, २-पेंटॅनोन १.०७ मिली, ब्युटॅनल ०.९ मिली. ब्युटॅनल घातल्यावर "पूर्ण होऊ दे" म्हणून फ्लास्क रात्रभर तसाच सोडला. सकाळी टीएलसीवर पुन्हा चार ठिपके.

सॅम्पल एनएमआरला बाहेर पाठवलं. आमच्याकडे यंत्र नाही. पहिल्यांदा फॉर्म परत आला, कारण एका रकान्यात शिक्का नव्हता. तो लावून पाठवला, तर पुन्हा रांगेच्या शेवटी. एकोणीस दिवसांनी स्पेक्ट्रम हातात आला. एका शिक्क्यासाठी सॅम्पल रांगेच्या शेवटी ढकलणं मला आजही पटत नाही. विद्यार्थ्याचं सेमिस्टर थांबत नाही.

पण स्पेक्ट्रमने सगळं सांगितलं. २.१ पीपीएमच्या थोडं पुढे ठसठशीत सिंगलेट होता. तो कार्बोनिलला लागलेल्या मिथाइलचा. माझ्या पदार्थात तो मिथाइल उरतच नाही, कारण बंध तिथेच होतो. सिंगलेट उरलेल्या कीटोनचाही असू शकतो, पण कीटोन १०२ अंशांना उकळतो आणि मी सॅम्पल व्हॅक्युमवर बराच वेळ ठेवलं होतं. म्हणजे चुकीच्या बाजूचा अल्डॉल. ९.४ जवळ आणखी एक सिंगलेट आणि ६.४ जवळ ट्रिप्लेट होता: ब्युटॅनल स्वतःशी जुळून पाणी गेल्यावर होणारं २-एथिल-२-हेक्सिनल.

एलडीए वापरूनही कीटोनला दुसरी बाजू मिळाली कशी? प्रयोगशाळेतले अण्णा बाटली उजेडात धरून म्हणाले, "दोन वर्षं झाली की हिला, अक्का. तळाला पांढरं बसलंय बघा."

तेव्हा कुठे टायट्रेशन केलं. डायफिनाइलॲसिटिक ॲसिड २१२ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिमोल, कोरड्या टीएचएफमध्ये नायट्रोजनखाली विरघळवायचं आणि ब्युटाइल लिथियम थेंब थेंब सोडायचं. पहिला प्रोटॉन संपेपर्यंत रंग येत नाही, त्यानंतरच्या थेंबाला फिकट पिवळा रंग टिकतो. माझा ०.८३ मिलीला टिकला, म्हणजे १.२ मोलर. नुसतं पाण्यात टाकून आम्लाने टायट्रेट करू नका, कारण बिघडलेल्या बाटलीतलं लिथियम हायड्रॉक्साइडही त्यात मोजलं जातं आणि आकडा फसवा मोठा येतो.

आता हिशेब लागला. ६.६ मिलीत १०.५ नव्हे, ७.९ मिलिमोलच होतं. दहातले दोन मिलिमोल कीटोन तसंच उरलं. उरलेलं कीटोन इनोलेटला प्रोटॉन देतं आणि स्वतः इनोलेट होतं. ही देवाणघेवाण चालू राहिली की जास्त स्थिर, आतल्या बाजूचा इनोलेट वाढत जातो. उणे ७८ ला ती संथ असते. मी रात्रभर फ्लास्क गरम होऊ दिला, तिथे तिला मोकळीक मिळाली. तयार झालेला अल्डॉलही त्या उष्णतेला उलटा फिरू शकतो. शिवाय ब्युटॅनल इनोलेटपेक्षा दोन मिलिमोल जास्त पडलं होतं, ते स्वतःशी जुळलं.

तिसऱ्यांदा ब्युटाइल लिथियम ८.७५ मिली घेतलं. एलडीए फ्लास्कमध्ये आणि कीटोन टीएचएफमध्ये मिसळून वरून थेंब थेंब. हा क्रम उलटा करू नका. कीटोनमध्ये एलडीए ओतलं तर सुरुवातीला कीटोनच जास्त असतं आणि तीच देवाणघेवाण सुरू होते. अर्धा तास थांबून ब्युटॅनल घातलं आणि पंधरा मिनिटांत, थंड असतानाच, अमोनियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ओतून अभिक्रिया थांबवली.

राहून गेलं: ब्युटॅनल त्याच दिवशी डिस्टिल करा, ते ७५ अंशांना येतं. जुन्या बाटलीला खवट लोण्याचा वास येत असेल तर त्यात ब्युटिरिक ॲसिड झालेलं आहे आणि ते तुमचा इनोलेट मारतं.

हीच युक्ती ॲल्डिहाइडचा इनोलेट करायला चालत नाही. एलडीए पडत असतानाच उरलेलं ॲल्डिहाइड इनोलेटवर तुटून पडतं. तिथे ॲल्डिहाइडचं आधी इमीन करून मग एलडीए घालतात, किंवा सिलिल इनॉल ईथर वेगळं काढून टायटॅनियम टेट्राक्लोराइड वापरतात. ही दुसरी वाट जपानी रसायनशास्त्रज्ञ मुकायामांनी १९७३ मध्ये दाखवली.

कॉलमनंतर ०.९८ ग्रॅम मिळालं, ६२ टक्के. या वेळी शिक्का मी स्वतः तीनदा तपासला. स्पेक्ट्रममध्ये ४.० जवळ ओएचशेजारचा एक प्रोटॉन, २.५ च्या आसपास दोन कार्बोनिलशेजारचे सीएच-टू, आणि २.१ ला सपाट रेघ. ती प्रिंट मी मॅडमच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी आधी २.१ वरच बोट ठेवलं.