अरबी मुळाचे स्पॅनिश शब्द: सध्या मुक्काम 'आल्काल्दे'पाशी

यादीतले पहिले दोन शब्द मार्गी लागले. 'आसूकार' म्हणजे आपलीच साखर: संस्कृत शर्करा फारसीमार्गे अरबीत 'सुक्कर' झाली आणि स्पेनमध्ये 'अस्' हे अरबी उपपद चिकटवूनच शिरली. 'ओहाला' हा शब्द 'इन्शाल्ला'वरून आला असं सर्रास सांगतात. स्पॅनिश अकादमीचा कोश मात्र तो अंदालुसी अरबीतल्या 'लव शा ल्लाह'वरून, म्हणजे 'अल्लाच्या मनात असतं तर' यावरून, आल्याचं सांगतो. अरबीत 'इन' घडू शकणाऱ्या गोष्टीसाठी येतो, 'लव' बहुधा प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टीसाठी. म्हणून मला कोशाचं म्हणणं अर्थालाही जुळणारं वाटतं. 'ओहाला युएबा' म्हणजे पाऊस पडू दे. 'ओहाला योबिएरा' म्हटलं, की पडण्याची आशा फारशी नाही.

सध्या मात्र मी 'आल्काल्दे'त गुंतलो आहे. आजचा अर्थ नगराध्यक्ष. मूळ अरबी 'अल-कादी', म्हणजे न्यायाधीश, आपला काझी. कित्येक शतकं स्पेनमधला आल्काल्दे खरोखरच न्याय देत असे आणि गावसभेचा प्रमुखही तोच असे. काल्देरोनचं 'एल आल्काल्दे दे सालामेआ' हे नाटक हा अर्थ धरूनच वाचावं लागतं. पेद्रो क्रेस्पो हा शेतकरी आल्काल्दे होतो आणि मुलीवर अत्याचार करणाऱ्या कप्तानाला मृत्युदंड देतो. नगराध्यक्ष फाशी कसा देतो, असं आजच्या वाचकाला वाटेल, पण राजाच्या सैनिकावर गावच्या न्यायाधीशाचा अधिकार चालतो का, हाच नाटकातला पेच आहे. एकोणिसाव्या शतकात न्यायदानाचं काम वेगळ्या न्यायाधीशांकडे गेलं. तरी जुना अर्थ पुसला गेला नाही: पदग्रहणाच्या वेळी आल्काल्दे आजही अधिकाराची काठी हाती घेतो, आणि पूर्वी हातातली अशी काठी हीच न्यायाधिकाराची खूण होती.

मला याहून मोलाचा वाटतो तो यातला 'ल्द'. 'कादी'मध्ये 'ल' नाही, मग तो आला कुठून? कादीतलं 'दाद' हे अक्षर जुन्या अरबीत जिभेच्या कडेने, 'ल'ची छटा घेऊन उच्चारलं जाई. आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैही याने तसं वर्णन केलं आहे. स्पॅनिश कानांनी ते 'ल्द' असं टिपलं. 'दैआ' (शेतजमीन, जहागीर) वरून 'आल्देआ' म्हणजे खेडं, 'बयाद' (पांढरेपणा) वरून 'आल्बायाल्दे' म्हणजे पांढरं शिसं. 'रबद'वरून आलेल्या 'आर्राबाल' (वेशीबाहेरची वस्ती) या शब्दात तर नुसता 'ल' उरला. फारसीने त्याच अक्षराचा 'झ' केला, म्हणून आपल्याकडे काझी आणि रमझान.

हा नियम सगळीकडे लावू नका. 'रामादान'मध्ये साधा 'द'च आहे. सुरुवातीच्या 'आल्'वरही विसंबू नये: 'आलुम्नो' (विद्यार्थी) अस्सल लॅटिन आहे.

पुढचा शब्द 'आल्ग्वासिल': वजिराचा शिपाई कसा झाला, ते शोधतो आहे.