हशासाठी थांबायचं नाही

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत ऑडिओबुकं होतात. मी काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसते आणि वाचणारा कुठे घसरतो ते टिपते. त्या दिवशी फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’चा (१८५७) मराठी अनुवाद चालला होता, तिसऱ्या भागातलं नववं प्रकरण. एमाने आर्सेनिक खाऊन जीव दिलाय. प्रेत घरात आहे आणि रात्र जागवायला दोघं बसलेत, गावातला औषधवाला ओमे आणि पाद्री.

वाचायला आमचे दादा होते. नाटकातला मुरलेला माणूस, ‘एकच प्याला’तला तळीराम करून गडकरी रंगायतनमध्ये हशे वसूल केलेला. त्यांनी पान चाळलं आणि म्हणाले, “अरे, हे तर फार्स आहे!”

खोटं नव्हतं ते. प्रेताशेजारी बसून हे दोघं प्रार्थनेचा उपयोग काय, पाद्र्यांनी लग्न का करू नये, यावर हमरीतुमरीवर येतात. मग समोरासमोर बसल्या बसल्या पोटं पुढे काढून झोपून जातात. पुन्हा जाग येते तेव्हा तुम्हीच झोपला होतात म्हणून एकमेकांवर आळ घेतात. पाद्री खोलीभर तीर्थ शिंपडतो, ओमे जमिनीवर क्लोरीन टाकतो. पहाटे मोलकरणीने ठेवलेली ब्रँडी, चीज आणि गोड पाव दोघं फस्त करतात आणि का हसतोय ते न कळता खिदळतात. शेवटच्या ग्लासाला पाद्री ओमेच्या खांद्यावर थाप मारून म्हणतो, आपलं शेवटी जमणार बघा!

दादांनी ओमेला नाकातला आवाज दिला, पाद्र्याला घोगरा. आमचा रेकॉर्डिस्ट हसून लोळायचा बाकी. पण प्रत्येक मजेच्या वाक्यानंतर दादा किंचित थांबत होते. रंगभूमीवर ते बरोबरच असतं, हशा ओसरल्याशिवाय पुढचं वाक्य टाकलं तर ते वाया जातं. इथे मात्र ऐकणारा एकटा असतो, बहुधा लोकलमध्ये. त्या थांबण्यात त्याला एकच गोष्ट ऐकू येते, की नटाला हे विनोदी वाटतंय. मग प्रेत खोलीतून नाहीसं होतं आणि उरतात दोन विदूषक.

मी सांगितल्यावर त्यांनी दुसरं टोक धरलं. सगळं सुतकी आवाजात. ते तर ऐकवेना! ब्रँडीचा ग्लासही दहाव्याचा वाटायला लागला. वर एमाच्या मृत्यूचं वजनही कमी झालं. सलग दुःख कानाला लवकर सवयीचं होतं.

मग आम्ही रेकॉर्डिंग थांबवून नुसतं पान वाचत बसलो. (वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, तसंही थांबावंच लागलं असतं.) दादांनीच बोट ठेवलं ते केसांच्या जागेवर. मध्येच एमाचा नवरा शार्ल शेवटचं बघायला येतो, चेहऱ्यावरचा पडदा उचलतो आणि किंचाळतो. त्याला आठवण म्हणून तिचे थोडे केस हवे असतात. ओमे कात्री घेतो, पण हात इतका थरथरतो की कानशिलाजवळच्या कातडीला टोचे पडतात. शेवटी तो वाट्टेल तसे दोन-तीन झुबके कापतो आणि त्या काळ्या केसांत पांढरे चट्टे उरतात. दादा म्हणाले, “याला हसायचं कसं? आणि नाही कसं हसायचं?”

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. ओमे विनोद करत नाहीये, तो मनापासून मदत करतोय. पाद्रीही आपलं काम चोख बजावतोय. दोघांना आपण हास्यास्पद आहोत याचा पत्ता नाही. याला ‘कॉमिक रिलीफ’ म्हणतात खरं, पण इथे सुटका कोणाची होते? त्या दोघांची, फार तर आपली. शार्लची नाही. ते खातात, झोपतात, भांडतात, म्हणजे त्यांचं आयुष्य पहाटेपर्यंत पूर्ववत झालेलं असतं आणि तो एकटा मागे राहिलेला असतो. त्याच्या एकटेपणाची खोली फ्लोबेर त्यांच्या खिदळण्याने मोजतो.

पुढच्या वाचनात दादांनी दोन्ही आवाज टाकून दिले. ओमेची बडबड त्यांनी सरळ, थोड्या घाईने वाचली, जणू त्याचंच बरोबर आहे. हसू येत होतंच, पण दादांनी ते मागितलेलं नव्हतं.

एडिटला एकच गोष्ट उरली. ‘आपलं जमणार’ नंतर लगेच ते दोघं खाली उतरतात, कामगार येताना दिसतात आणि पुढचे दोन तास शार्लला फळ्यांवर पडणारे हातोड्याचे घाव ऐकावे लागतात. शवपेटीचं काम. परिच्छेद बदलताना आम्ही एरवी सेकंदभर शांतता ठेवतो. इथे मी ती जवळजवळ पूर्ण कापली. ऐकणाऱ्याचं हसू पुरतं मावळायच्या आत हातोडा पडायला हवा होता.

प्रकाशकांच्या माणसाने तपासणीत शेरा मारला, ‘इथे पॉज राहून गेलाय का?’ मी उत्तरात ‘नाही’ एवढंच लिहिलं आणि फाइल पुढे पाठवली.